फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, पण फक्त सकाळी

रुईपान
नमस्कार मंडळी. पुण्यात राहते, सोसायटी १९८६ची, तीन मजली. आम्ही पहिल्या मजल्यावर. साधारण महिनाभरापासून फ्रिजच्या दाराच्या कडेला हात लागला की बोटांत मुंग्या येतात. दचकून हात मागे घ्यावा असा शॉक नाही, पण बारीक झिणझिण नक्की. गंमत म्हणजे हे फक्त सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान होतं. दुपारी हवा तेवढा हात फिरवा, काही नाही. टेस्टर लावून पाहिला. सकाळी पेटतो, दुपारी नाही.

सासूबाईंचं म्हणणं, तुझे हात ओले असतात. दुरुस्तीवाला येऊन गेला (दुपारी, अर्थातच). त्याने पाच मिनिटं मागे डोकावून "बॉडी शॉर्ट आहे, कंप्रेसर बदलावा लागेल, साडेसहा हजार" असं सांगितलं. फ्रिज नऊ वर्षांचा आहे. एवढे पैसे घालायचे की नवा घ्यायचा? नवा घ्यायचा तर कोणता?

शेवग्याची_शेंग
अहो, जुन्या फ्रिजला एवढं चालायचंच. आमच्याकडे वीस वर्षं लागतंय. फ्रिजसमोर रबरी पायपुसणं टाकलंय, एकदम बंद. साडेसहा हजार वाचवा आणि दोनशेचं पायपुसणं घ्या.

हिंजवडीकर
सेम पिंच! माझ्या लॅपटॉपची बॉडी धातूची आहे. चार्जर लावला की मनगटाला अशीच झिणझिण होते. कंपनीला विचारलं तर म्हणे नॉर्मल आहे. म्हणजे फ्रिजचंही नॉर्मलच असणार. इन्व्हर्टर फ्रिज आहे का तुमचा?

जुना_वायरमन
ताई, आधी एक काम करा, मग वाचा. फ्रिजचा प्लग सॉकेटमधून ओढून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. बटण एकच तार तोडतं. अर्थची तार बटणातून जातच नाही, ती प्लगच्या जाड पिनेतून थेट फ्रिजच्या पत्र्याला जोडलेली असते. प्लग काढताना पायात कोरडी चप्पल ठेवा, प्लास्टिकला धरा, दुसरा हात कशालाही लावू नका. दूध-भाजी एक दिवस शेजारी ठेवा.

नवा फ्रिज बिलकुल घेऊ नका. घेतलात तर तोही सकाळी सहाला झिणझिणेल अशी मला दाट शंका आहे. बिघडलेला कंप्रेसर घड्याळ बघून करंट सोडत नाही. तो दिवसभरात पंचवीस वेळा चालू-बंद होतो, त्याची गळती दुपारीही दिसायला हवी.

आता चार प्रश्न. फ्रिज भिंतीच्या सॉकेटला थेट आहे की मधे एक्स्टेंशन किंवा स्टॅबिलायझर आहे? हे सुरू झालं त्याच्या आसपास बिल्डिंगमध्ये काही काम झालं का, रंग, प्लंबिंग, खोदाई, काहीही? वॉशिंग मशीन किंवा दुसऱ्या कुठल्या धातूच्या वस्तूलाही सकाळी लागतं का? आणि सकाळी सहाला तुमच्याकडे किंवा वरच्यांकडे काय चालू असतं?

रुईपान
प्लग काढला. दूध समोरच्या काकूंकडे.

फ्रिज थेट भिंतीच्या तीन पिनांच्या सॉकेटला आहे. वॉशिंग मशीनला सकाळी कधी हात लावतच नाही, उद्या बघते. आमच्याकडे गॅस गिझर आहे. वरच्यांकडे विजेचा असावा, आंघोळीची वेळ तीच. काम म्हणाल तर दिवाळीच्या आधी पाण्याचे सगळे उभे पाइप बदलले. जुने लोखंडी गंजले होते, आता प्लास्टिकचे टाकलेत. पण त्याचा विजेशी काय संबंध?

जुना_वायरमन
वॉशिंग मशीनला हात लावून बघू नका. "बघते" म्हणून लावलेल्या हातांच्या बऱ्याच कहाण्या मला माहीत आहेत. टेस्टर लावा, आणि तोही चप्पल घालून.

पाइपांचा संबंध आहे, बहुतेक सगळा तिथेच आहे. तुमच्या घरचा अर्थ तुमच्या एकट्याचा नसतो. जुन्या सोसायट्यांत मीटर रूमपासून एक जीआय पट्टी किंवा तार वर जाते आणि प्रत्येक फ्लॅटची हिरवी तार तिलाच जोडलेली असते. ती पट्टी खाली कंपाउंडमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात उतरते. ती खड्ड्यापाशी तुटली तर सगळ्या फ्लॅटच्या हिरव्या तारा एकमेकींना जोडलेल्या राहतात, जमिनीला मात्र कोणीच जोडलेलं नाही. मग कुणा एकाच्या गिझरमधून गळती झाली की ती त्या तारेने सगळ्यांच्या फ्रिजवर आणि मशीनवर जाऊन बसते. लोखंडी पाइप होते तोवर गिझरची गळती पाइपातून गुपचूप जमिनीत जात असेल. प्लास्टिकचे आले आणि ती वाट बंद झाली.

हा अंदाज आहे. मीटर लावल्याशिवाय खात्री नाही. लायसनवाला वायरमन सकाळी सहाला बोलवा. दुपारी येणारा उपयोगाचा नाही.

हिंजवडीकर, तुमची गोष्ट वेगळी आहे. त्या चार्जरला दोनच पिना आहेत ना? त्यात आवाज-गडबड दाबायला बारीक कपॅसिटर असतात. त्यांतून मिलिअँपिअरच्या काही भागांएवढा करंट बॉडीवर येतो आणि चार्जर धड असेल तर त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. इन्व्हर्टर फ्रिजमध्येही असे कपॅसिटर असतात, पण त्याला तिसरी पिन त्यासाठीच दिलेली आहे, अर्थ नीट असेल तर हाताला काही जाणवता कामा नये. आणि हे दोन्ही प्रकार हाताला सारखेच लागतात, म्हणून फ्रिजला "नॉर्मल" म्हणू नका.

शेवग्याची_शेंग
वायरमनसाहेब, भीती घालताय उगाच. वीस वर्षांत आमच्याकडे कुणाला काही झालं नाही. जोरात लागत असतं तर कळलं असतंच ना?

जुना_वायरमन
नाही कळत, हीच तर अडचण आहे. किती जोरात लागतं ते फ्रिजवरच्या व्होल्टेजपेक्षा तुमच्या पायाखालच्या फरशीवर जास्त अवलंबून असतं.

हिशेब करून बघा. फ्रिजच्या पत्र्यावर १०० व्होल्ट आहेत असं धरू. तुम्ही कोरड्या फरशीवर, पायात स्लीपर. वाटेत एकूण एक लाख ओहम अडथळा असेल तर अंगातून एक मिलिअँपिअर जाईल. म्हणजे मुंग्या. आता फरशी नुकतीच पुसली आहे, अनवाणी उभे आहात, हात ओला. अडथळा दोन हजारांवर आला. पत्रा तोच, व्होल्टेज तेच, पण करंट पन्नास मिलिअँपिअर. साधारण दहा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेलं हँडल सोडवत नाही. तीस-पन्नास छातीतून जरा वेळ गेला तर हृदयाची लय बिघडू शकते.

तुमचं पायपुसणं करंट बंद करत नाही, फक्त तो तुम्हाला जाणवू देत नाही. ते धुवायला टाकलं त्या दिवशी कामवाल्या मावशी ओल्या पोछ्यासकट अनवाणी फ्रिजला टेकल्या तर?

आदित्य_ठाणे
वायरमन काकांशी सहमत, पण एवढी गुंतागुंत कशाला? मी घरी आरसीसीबी बसवलाय, ३० मिलिअँपिअरचा. दोन-अडीच हजार खर्च, विषय संपला. कुठेही गळती झाली की तो पडतो. ताईंनी तो लावावा म्हणजे शेजाऱ्यांचं काही बघायलाच नको.

आणि अर्थ चांगला आहे का ते तपासायची सोपी युक्ती: शंभरचा बल्ब होल्डरला लावा, एक तार फेजला, एक अर्थला. लख्ख पेटला तर अर्थ उत्तम. मिणमिणला तर खराब.

जुना_वायरमन
आदित्य, आरसीसीबी बसवलात ते छानच. पण वरच्याचा गिझर गळत असेल तर तुमचा आरसीसीबी तुम्हाला वाचवणार नाही. तो फक्त एवढंच बघतो की तुमच्या घरात फेजने जेवढा करंट आला तेवढाच न्यूट्रलने परत गेला का. वरच्याच्या फेजने येऊन हिरव्या तारेने तुमच्या फ्रिजवर उतरलेला करंट तुमच्या आरसीसीबीतून गेलेलाच नाही. तुम्ही मेन स्विच बंद केलात तरी फ्रिज झिणझिणत राहील, कारण अर्थची तार कुठल्याच स्विचमधून जात नाही. अशा वेळी पडायला हवा तो वरच्याचा आरसीसीबी. म्हणून तो प्रत्येक घरात हवा.

आणि ती बल्बची युक्ती कृपा करून ताईंना सांगू नका. आम्हीही पूर्वी करायचो, खोटं बोलत नाही. पण अर्थ खाली तुटलेला असेल तर त्या बल्बमधून तुम्ही सगळ्या बिल्डिंगच्या हिरव्या तारेत फेज सोडता. बल्ब पेटत नाही, तुम्ही म्हणता "अच्छा, अर्थ खराब दिसतोय", आणि तेवढ्या वेळात तिसऱ्या मजल्यावर कुणी मशीनमधून ओले कपडे काढत असतं.

आदित्य_ठाणे
बाप रे. हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पोस्ट काढता येत नाहीये, वाचणाऱ्यांनी ती युक्ती करू नये.

कुंदामावशी
मी राजापूरजवळच्या गावातून. आमच्याकडेही फ्रिजला लागायचं. चिऱ्याचं घर, अर्थिंग म्हणून अंगणात एक सळई ठोकलेली. गावातल्या मुलाने येऊन फ्रिजचा प्लग जातो ते सॉकेट उघडलं आणि न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेला छोटी तार टाकली. दोन मिनिटांचं काम. त्या दिवसापासून एकदम बंद. पैसेही घेतले नाहीत बिचाऱ्याने, फणस दिला त्याला. रुईपान, तेवढं करून बघा.

जुना_वायरमन
मावशी, तो फणस परत मागा.

थट्टा जाऊ द्या. ती तार आजच्या आज काढायला सांगा, आणि काढेपर्यंत फ्रिजचा प्लग बाहेर. न्यूट्रल खांबाकडून धड येतो आहे तोवर सगळं ठीक दिसतं. कोकणात वादळात फांदी पडून किंवा खांबावरचा जोड गंजून न्यूट्रल तुटला, की फेज तुमच्या दिव्यांमधून, कंप्रेसरमधून फिरून घरातल्या न्यूट्रलवर येतो. त्याला परत जायला वाट नसते. आणि तुम्ही तर तो न्यूट्रल फ्रिजच्या पत्र्यालाच बांधून ठेवलाय. दिवे गेलेले असतील, घरात सगळ्यांना वाटेल लाइट गेली, आणि फ्रिजच्या हँडलवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट असतील. आधीच्या झिणझिणीपेक्षा हे कितीतरी वाईट.

चिऱ्याच्या जमिनीत एक सळई ठोकून फारसं काही होत नाही. पावसाळ्यात बरं चालतं, मार्च-एप्रिलमध्ये जांभा कोरडाठक झाला की सळई असून नसल्यासारखी. रीतसर खड्डा घेतात त्यात अडीच मीटरचा जीआय पाइप उभा, भोवती कोळसा-मीठ, आणि वरून पाणी ओतायला नरसाळं ठेवतात. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालत राहायचं. मिठाने पाइप गंजतो हेही खरं, म्हणून काही वर्षांनी उघडून बघावा लागतो. तुमच्या फ्रिजला स्टॅबिलायझर आहे का?

कुंदामावशी
आहे. त्याला दोन पिनांचा प्लग आहे, हे आत्ता तुमच्यामुळे बघितलं. मागे फ्रिज लावायला मात्र तीन भोकं. म्हणजे तिसरं भोक नुसतं शोभेचं?

जुना_वायरमन
शोभेचंच. तीन भोकांच्या आत हिरवी तार भिंतीपर्यंत पोचतच नाही. दोन तारांच्या एक्स्टेंशन बोर्डांचंही तेच. मुलाला फोन करा.

रुईपान
आज सकाळी सहाला वायरमन आणला, समोरच्या काकूंचा भाचा, आयटीआयचा, लायसनवाला. जुने वायरमन काकांची पोस्ट त्याला वाचायला दिली. आधी जरा फुगला, मग मन लावून कामाला लागला.

फ्रिजचा प्लग बाहेरच होता. त्याने रिकाम्या सॉकेटवर मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३०. फेज-अर्थ १३४. न्यूट्रल-अर्थ ९६! म्हणजे फ्रिज जोडलेलाच नाही आणि सॉकेटच्या मोठ्या भोकात ९६ व्होल्ट. मग घरातले सगळे एमसीबी पाडून, बाकीचे प्लगही काढून पुन्हा बघितलं, तरी न्यूट्रल-अर्थ ९४. मेन मात्र बंद करू दिला नाही त्याने. काय ते सांगितलं, पण मला नीट कळलं नाही.

तो म्हणाला, तुटक्या अर्थवर मीटर उगाचच असे आकडे दाखवतो, त्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून त्याने न्यूट्रल आणि अर्थच्या मधे झिरोचा बल्ब जोडला. तो तांबूस पेटला. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. सव्वाआठला परत तेच केलं तर बल्ब विझलेला आणि मीटरवर ३ व्होल्ट.

जुना_वायरमन
भाचा चांगला आहे, त्याला जपा.

मेन बंद केला असता तर न्यूट्रलही सुटला असता आणि अर्थ मोजायला तुलनेला काही उरलं नसतं. एमसीबी फक्त फेज तोडतात, म्हणून त्याने ते पाडले. आणि बल्बचं महत्त्व असं: हल्लीचा मीटर इतका नाजूक असतो की शेजारून गेलेल्या तारेच्या नुसत्या प्रभावानेही लोंबकळणाऱ्या अर्थवर साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. त्या व्होल्टेजमध्ये दम नसतो, बारकासा बल्ब लावला की ते बसतं. तुमच्याकडे बल्ब पेटला, म्हणजे मागे खरा करंट आहे. आदित्य, बघा, इथेही बल्बच वापरला, पण न्यूट्रल आणि अर्थच्या मधे. त्याने अर्थवरचं व्होल्टेज खाली ओढलं जातं, तुमच्या युक्तीने वर ढकललं जातं. तरीही हे वायरमननेच करायचं काम आहे.

फ्रिज सुटला. गळती घराबाहेरून येते आहे आणि सकाळी येते आहे. आता वरच्या फ्लॅटमध्ये जाऊन गिझर बंद करायला लावा आणि खाली मीटरकडे बघा.

रुईपान
गेलो. दुसऱ्या मजल्यावर भाडेकरू आहेत, दोन मुलगे, कुठल्याशा कॉलेजात. गिझरचा विषय काढला तर त्यातला एक सहज म्हणाला, "हो, नळाला थोडा करंट येतो, आम्ही चपला घालून आंघोळ करतो."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. भाच्याने त्यांचा गिझर लावला, खाली माझा नवरा मीटर धरून फोनवर. लावला, ९५. बंद केला, ४. पुन्हा लावला, ९५. तीनदा केलं. मग गिझरचं बटण बंद करून वर चिकटपट्टी मारली.

आदित्य_ठाणे
पण मग त्यांचा एमसीबी का पडला नाही? एवढी गळती असून?

जुना_वायरमन
एमसीबी गळती मोजत नाही, तो जादा करंट मोजतो. गिझरची लाइन साधारण १६ अँपिअरची. गिझर स्वतः २००० वॉटचा, म्हणजे ९ अँपिअर घेतो. कॉइलच्या नळीला चीर पडून पाणी आत गेलं आणि एखादा अँपिअर गळाला, तरी एमसीबीच्या गावी नाही.

समजा कॉइल सरळ बॉडीला चिकटली. खड्ड्याचा अडथळा ४ ओहम असेल तर २३० भागिले ४, सत्तावन अँपिअर. एमसीबी पडेल, पण तापून पडायला काही सेकंद घेईल. खड्डा वाळून ४० ओहम झाला असेल तर पावणेसहा अँपिअरच वाहतील आणि एमसीबी जन्मात पडणार नाही. रुईपानताईंच्या बिल्डिंगमध्ये तर वाटच तुटलेली, तिथे काय वाहणार. म्हणून खड्डा चांगला असला तरी आरसीसीबी लागतो, आणि आरसीसीबी असला तरी खड्डा लागतो. खड्डा नसेल तर आरसीसीबी गळती सुरू झाल्यावर पडत नाही, कुणीतरी हात लावल्यावर पडतो.

हिंजवडीकर
म्हणजे लॅपटॉप नॉर्मल, फ्रिज अॅबनॉर्मल. चालेल. पण ऑफिसच्या पँट्रीतल्या कॉफी मशीनलाही लागतं, आता ते आठवून घाम फुटलाय.

जुना_वायरमन
प्लग काढा आणि अॅडमिनला मेल टाका. मेल आधी नको, प्लग आधी.

रुईपान
आठवड्याने अपडेट. मीटर रूममागे शोधाशोध केली. अर्थची पट्टी भिंतीवरून खाली येते आणि फरशीपाशी संपते. तीनेक वर्षांपूर्वी कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक टाकले तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी आड येते म्हणून ती कापली आणि खड्डा बुजवून वर ब्लॉक बसवले. म्हणजे तीन वर्षं आम्ही पाण्याच्या पाइपांच्या जिवावर होतो.

कमिटीच्या मीटिंगमध्ये दीड तास गेला. एकाचं म्हणणं, गिझर त्यांचा, तर खर्च त्यांचा. गिझरवाल्या घराचे मालक परगावी, ते फोनवर म्हणतात भाडेकरूंना विचारा. शेवटी खड्डा सोसायटीच्या फंडातून झाला. खाली खडक लागला, मशीन आणावं लागलं, दोन दिवस खोदाई. नवीन पट्टी मीटर रूमपर्यंत. अर्थ टेस्टरवर ३.६ ओहम आले. वरच्या गिझरची कॉइल काढली तर नळीला उभी चीर, केसासारखी. बदलली. आता सकाळी सहाला सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट.

आरसीसीबी मात्र अठरा घरांपैकी सातांनीच बसवलाय. बाकीचे "बघू" म्हणतात. वरच्यांनी बसवलेला नाही.

शेवग्याची_शेंग
पायपुसण्यावरून बरंच ऐकून घेतलं. काल वायरमन बोलावला. आमच्या सॉकेटमध्ये हिरवी तार होती, पण कशालाच जोडलेली नव्हती, गुंडाळून मागे खुपसलेली. वीस वर्षं. एवढंच सांगायचं होतं.

कुंदामावशी
मुलगा येऊन तार काढून गेला. स्टॅबिलायझर बाजूला काढून थेट भिंतीला लावला. झिणझिण कमी आहे, पण गेली नाही. खड्डा घ्यायला माणूस मिळत नाहीये, सगळे आंब्याच्या कामात. फ्रिज सध्या बंद, कैऱ्या माळ्यावर.

जुना_वायरमन
बंद ठेवलात हे बरं केलंत. खड्डा झाल्यावर फ्रिजची आतली गळती मेगरने मोजून घ्या. तुमच्याकडे खड्ड्याचा दोष नक्की आहे, पण फ्रिज निर्दोष आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. कोकणातल्या दमट हवेत कंप्रेसरच्या टर्मिनलवर गंज धरतो, उंदीर तारा खातात, मागे पाणी साचतं.

रुईपान
पुन्हा मीच. आरसीसीबी बसवून बारा दिवस झाले. तीनदा पडला, तिन्ही वेळा रात्री. वर केला की राहतो. दिवसा टेस्टचं बटण दाबून बघितलं, व्यवस्थित पडतो. नवरा म्हणतो पीस खराब आहे, बदलून आणू.

जुना_वायरमन
बदलू नका इतक्यात. फ्रिज फ्रॉस्ट-फ्री आहे का?

रुईपान
हो. का?

जुना_वायरमन
त्यात बर्फ वितळवायला हीटर असतो. तो काही तासांनी थोडा वेळच लागतो, बाकी वेळ फ्रिज अगदी साधा वागतो. त्या हीटरमध्ये ओल शिरली असेल तर तो लागला त्या क्षणी आरसीसीबी पडेल आणि नंतर सगळं शहाण्यासारखं चालेल. रात्रीच का पडतो ते मला अजून जुळत नाही, हीटर दिवसाही लागायला हवा. कदाचित दिवसा पडतो तेव्हा तुम्ही लाइट गेली समजून वर करत असाल. आज रात्री फ्रिज बंद करून प्लग काढून ठेवा, बाकी घर चालू. पडला नाही तर उद्या फ्रिज लावून बघा. साडेसहा हजारवाल्याला मात्र बोलावू नका.

रुईपान
म्हणजे पुन्हा दूध समोरच्या काकूंकडे. सासूबाई हसतायत. सकाळी सांगते.